डिव्हिडंड दिला काय, न दिला काय? मग क्लायंटेल इफेक्ट कुठे बसतो?

वृषाली_के | 6 डिसेंबर 2025, सकाळी 10:12

परवापासून एका प्रश्नावर अडकले आहे, म्हणून धागा काढते.

मिलर आणि मोदिग्लियानी, म्हणजे एम-एम, यांनी 1961 मध्ये मांडलं की कंपनी डिव्हिडंड किती देते यावर तिची किंमत ठरत नाही. ज्याला रोख हवी त्याने थोडे शेअर विकावेत, ज्याला नको त्याने आलेला डिव्हिडंड पुन्हा शेअरमध्ये घालावा. पुढच्याच प्रकरणात क्लायंटेल इफेक्ट येतो: प्रत्येक कंपनीच्या धोरणाप्रमाणे तिला तिचा तिचा भागधारक मिळतो. निवृत्त माणूस भरपूर डिव्हिडंडच्या कंपनीकडे जातो, वरच्या स्लॅबचा माणूस पैसे राखून ठेवणाऱ्या कंपनीकडे. आमच्या नोट्समध्ये खाली लिहिलंय, "म्हणून एम-एम सिद्धांत चुकीचा ठरतो."

हे "म्हणून" मला पटत नाही. गिऱ्हाईक बदललं म्हणजे मालाची किंमत बदलली असं होतं का? आणि नसेल होत, तर डिव्हिडंड धोरणाला महत्त्व नेमकं कशामुळे येतं?

नाना_सातारकर | 10:40

हातातला रुपया तो आपला. कंपनीने ठेवून घेतलेला रुपया पुढे काय होईल कोणी सांगावं? डिव्हिडंड देणारी कंपनी कमी जोखमीची, म्हणून तिला भाव जास्त. इतकं सोपं आहे.

आणि ते "थोडे शेअर विका" म्हणजे झाड तोडून फळं खाण्यासारखं झालं. दरवर्षी विकत गेलात तर एक दिवस शेअर संपतील.

हिशेबनीस | 11:25

नाना, दोन्ही मुद्दे आकड्यांवर घासून बघू.

एक कंपनी घ्या. 10 लाख शेअर, भाव 200 रुपये, म्हणजे एकूण 20 कोटी. त्यातले 2 कोटी बँकेत पडून आहेत आणि त्यांना कुठल्याही कामात जागा नाही. कर सध्या बाजूला ठेवू. तुमच्याकडे 1,000 शेअर, म्हणजे 2 लाखांचा ऐवज.

कंपनीने शेअरमागे 20 रुपये वाटले. तिच्याकडे आता 18 कोटींचाच ऐवज उरला, भाव 180. तुमच्या हातात 20,000 रोख आणि 1,80,000 चे शेअर. आता समजा तिने काहीच वाटलं नाही. तुम्ही 200 च्या भावाने 100 शेअर विकले. हातात 20,000, आणि उरलेले 900 गुणिले 200, म्हणजे पुन्हा 1,80,000. शेअरची संख्या वेगळी, ऐवज तोच.

झाडाचं म्हणाल तर, सगळा नफा वाटणारी कंपनी 200 ची 200 वरच राहते. 10 टक्के कमावून ते राखणारी 220 वर जाते. त्या 1,000 पैकी सुमारे 91 शेअर विकले तर उरलेल्या 909 ची किंमत पुन्हा 2 लाखच. तुम्ही फांदी छाटता, पण झाड तेवढंच वाढलेलं असतं. शेअर कमी होत जातात, प्रत्येक शेअर मोठा होत जातो.

जोखमीबद्दल: कंपनीची जोखीम तिच्या धंद्यात असते, तिने चेक कधी फाडला त्यात नसते. वाटलेले 20 रुपये सुरक्षित झाले हे खरं, पण तुम्ही 100 शेअर विकलेत तर तेही तितकेच सुरक्षित होतात.

नाना_सातारकर | 11:52

भाव योग्य असेल तर. मार्च 2020 मध्ये घरखर्चासाठी शेअर विकायची वेळ आली असती तर? पडलेल्या भावात विकलेला शेअर परत येत नाही. डिव्हिडंडवाल्याला बाजाराकडे बघावंच लागत नाही.

हिशेबनीस | 12:08

हा मुद्दा मान्य. एम-एमच्या गणितात बाजारभाव नेहमी खऱ्या किमतीइतकाच असतो. तो खऱ्या किमतीच्या खाली असेल तर घरगुती डिव्हिडंड, म्हणजे स्वतः शेअर विकून काढलेली रोख, महाग पडतो, शिवाय दलाली आणि डीपी चार्ज आहेच. पण हे "हातातला रुपया" पेक्षा वेगळं कारण आहे. तुमचं उत्तर बरोबर आलं, रीत चुकली.

बंड्या_पिंपरी | 12:30

धागा वाचला, छान माहिती. जास्त डिव्हिडंड देणारे चार-पाच चांगले शेअर कोणी सुचवेल का? एफडी मोडून टाकायचा विचार आहे.

वृषाली_के | 12:41

बंड्या, धागा कोणता शेअर घ्यावा यावर नाही हो. पण हिशेबनीसांचं 200 आणि 180 वालं उदाहरण जरूर वाचा, एफडीचं व्याज आणि डिव्हिडंड यांतला फरक तिथेच आहे. व्याज दिल्यावर तुमची मुद्दल कमी होत नाही.

अनघा_म्युच्युअल | 13:15

बंड्यासारखा समज फार जणांचा असतो, आणि त्यासाठी नियामकाला नावच बदलावं लागलं. म्युच्युअल फंडात पूर्वी "डिव्हिडंड" पर्याय असायचा. सेबीच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून त्याचं नाव "इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल", आयडीसीडब्ल्यू झालं. वाटलेल्या पैशात तुमचं स्वतःचं भांडवलही असू शकतं, हे नावातच यावं म्हणून.

वृषालीच्या प्रश्नाला याहून स्वच्छ प्रयोग मिळणार नाही. एकच योजना, एकच मॅनेजर, शेअरची यादी तीच. काहीच न वाटणारा ग्रोथ आणि वाटणारा आयडीसीडब्ल्यू हे फक्त दोन प्रकार. आयडीसीडब्ल्यूची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 25 असताना 2 रुपये वाटले की ती 23 होते, ग्रोथची एनएव्ही जागची हलत नाही. करापूर्वीचा परतावा दोन्हीकडे सारखाच. घेणारे मात्र वेगळे. म्हणजे गिऱ्हाइकं पूर्ण विभागलेली, आणि किमतीत काडीचा फरक नाही. क्लायंटेल इफेक्ट आहे आणि एम-एमसुद्धा बरोबर आहे, दोन्ही एकाच वेळी.

वृषाली_के | 13:31

हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते! म्हणजे नोट्समधलं "म्हणून" चुकीचं?

प्रा_टिळकरोड | 14:20

चुकीचंच. क्लायंटेल इफेक्टचा उल्लेख 1961 च्या त्या मूळ लेखातच आहे, आणि तो आपल्या निष्कर्षाला आधार म्हणून केलेला आहे. एक गिऱ्हाईक दुसऱ्याइतकंच चांगलं, असा त्यांचा सूर आहे.

पुढची पायरी फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी 1974 मध्ये घातली. समजा बाजारात भरपूर डिव्हिडंड हवा असणारे लोक जास्त आहेत आणि तसे शेअर कमी. मग अशा शेअरला वरचा भाव मिळेल. पण धोरण बदलायला कंपनीला फक्त संचालक मंडळाचा ठराव लागतो. चढा भाव दिसला की चार कंपन्या डिव्हिडंड वाढवतील, आणि तो फरक मिटेपर्यंत हे चालेल. फरक मिटल्यावर गिऱ्हाइकं आपापल्या जागी बसलेली असतात, पण कोणत्याही एका कंपनीला धोरण बदलून भाव वाढवता येत नाही. मंडईत कोथिंबिरीला गिऱ्हाईक आहे म्हणून आणखी एका गाळ्याने कोथिंबीर ठेवली तर त्याला जास्त भाव मिळत नाही.

तेव्हा क्लायंटेल इफेक्ट "कोण कोणता शेअर धरेल" हे सांगतो. "शेअर किती किमतीचा" हे सांगत नाही. सांगायचं असेल तर पुरवठा अडलेला आहे हे वेगळं सिद्ध करावं लागेल.

दुबईकर_अमोल | 15:02

माझ्या डिव्हिडंडवर कंपन्या 20 टक्के अधिक सेस टीडीएस कापतात. मी अनिवासी आहे. म्हणजे मी कमी डिव्हिडंडवाल्या क्लायंटेलमध्ये आलो का?

हिशेबनीस | 15:20

अमोल, आधी दर तपासा. भारत-यूएई करारात डिव्हिडंडवर 10 टक्के आहे. तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि सोबतचा ठरलेला फॉर्म कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वेळेत, म्हणजे डिव्हिडंडच्या ईमेलमध्ये दिलेल्या तारखेआधी, गेला तर तेवढंच कापतात. नाहीतर रिटर्न भरून परतावा मागावा लागतो.

पण तुमच्या प्रश्नाने गाडी करावर आली ते बरं झालं. वरचं सगळं करमुक्त जगातलं होतं.

आपल्याकडे 31 मार्च 2020 पर्यंत डिव्हिडंडवर कंपनीच कर भरायची, शेवटच्या वर्षी तो 20.56 टक्के पडायचा. भागधारक गरीब की श्रीमंत याचा त्यात जवळजवळ काही संबंध नव्हता, फक्त वर्षाला 10 लाखांवर डिव्हिडंड मिळणाऱ्याला वर 10 टक्के होते. 1 एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड ज्याच्या हातात पडतो त्याच्या स्लॅबने कर. एका रात्रीत एकाच रुपयाचे वेगवेगळे दर झाले. नव्या करपद्धतीत 12 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या निवासी माणसाला शून्य. 30 टक्के स्लॅबला सेससकट 31.2. मोठ्या प्रवर्तकाला, डिव्हिडंडवरचा सरचार्ज 15 टक्क्यांवर थांबतो म्हणून, 35.88. भारतीय कंपनीला मिळालेला डिव्हिडंड तिने ठरलेल्या मुदतीत पुढे वाटला तर तेवढी वजावट. एप्रिलच्या आधी फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये अंतरिम डिव्हिडंडची रीघ लागली होती ती यामुळेच.

आता वरचंच उदाहरण करासकट. 20,000 चा डिव्हिडंड, 31.2 टक्केवाल्याचा कर 6,240. त्याऐवजी त्याने 120 ला घेतलेले 100 शेअर वर्षानंतर 200 ला विकले तर नफा फक्त 8,000, आणि लाँग टर्म नफ्यावरची वर्षाची सव्वा लाखाची सूट आधीच संपली असली तरी 13 टक्क्यांनी कर 1,040. शून्य स्लॅबवाल्याची ती सूट शिल्लक असेल तर त्याला दोन्ही सारखेच. क्लायंटेल इथे तयार होतं.

सुहास_मार्केटयार्ड | 16:05

उदाहरण कशाला शोधायचं, ताजं समोर आहे. इन्फोसिसचं 2025 चं 18,000 कोटींचं बायबॅक, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं. 1,800 रुपये भाव, प्रवर्तकांनी भाग घेणार नाही असं आधीच जाहीर केलं. वरच्या स्लॅबचे कितीतरी ओळखीचे "बाजारापेक्षा इतका वर भाव" म्हणून टेंडर करून, म्हणजे आपले शेअर कंपनीला देऊ करून बसले. बरोबर केलं का त्यांनी?

हिशेबनीस | 17:10

प्रवर्तकांच्या मनातलं कारण त्यांचं त्यांना ठाऊक. आपण फक्त करापुरता हिशेब करू.

या बायबॅकला 1 ऑक्टोबर 2024 पासूनचा नियम लागला, त्यात मिळालेली पूर्ण रक्कम डिव्हिडंड समजली जायची. नफा नव्हे, पूर्ण रक्कम. आणि तुमची खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून वेगळी मिळायची, तो 8 वर्षं पुढे नेता येतो.

एक स्वीकारला गेलेला शेअर घ्या. खरेदी 1,400, धारणा वर्षाहून जास्त, बाजारभाव 1,540 धरू, आणि सव्वा लाखाची सूट इतरत्र संपलेली.

31.2 टक्केवाला: 1,800 वर कर 561.60, हातात 1,238.40. तोटा 1,400, तो दुसऱ्या लाँग टर्म नफ्याविरुद्ध वापरता आला तर 13 टक्क्यांनी 182 वाचतात. एकूण 1,420.40. तोच शेअर बाजारात विकला असता तर 140 च्या नफ्यावर 18.20 कर, हातात 1,521.80. वरचा भाव घेऊन शंभर रुपये कमी! आणि वजावटीला नफाच नसेल तर ते 182 कागदावरच.

शून्य स्लॅबवाला: हातात 1,800. बाजारात विकून, त्याची सूट शिल्लक धरली तर, 1,540. शेअरमागे 260 रुपये जास्त, आणि हवा तर तो शेअर बाजारातून परत घेता येतो. त्यात 2 लाखांपर्यंतची धारणा असलेल्या छोट्या भागधारकांना 15 टक्के राखीव.

तेव्हा तुमच्या ओळखीच्यांनी बाजारभावाशी तुलना केली, करानंतरच्या रकमेशी नाही. नेहमी चूक इथेच होते.

अनघा_म्युच्युअल | 17:32

एक पुरवणी. लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो. आणि तो पुढे न्यायचा असेल तर रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. ही तारीख चुकली की 182 गेलेच.

प्रा_टिळकरोड | 18:15

हे उदाहरण सुंदर आहे, पण त्यातून काय सिद्ध झालं ते जपून म्हणायला हवं. कोण टेंडर करेल हे ठरलं, इतकंच. कंपनीची किंमत बदलली का? वाटपाच्या दारात सरकारने किती घेतलं, त्यावर ते अवलंबून. चुकीच्या माणसाच्या हातात वाटप गेलं तर भागधारकांच्या एकत्रित खिशातून जास्त कर जातो. बरोबर माणसाकडे गेलं तर कमी. क्लायंटेल जमून बसलं की ही गळती कमी होते, म्हणजे पुन्हा एम-एमच्याच बाजूने ओढ.

वृषाली_के | 18:40

मग कोणत्या भागधारकाचा कर भावात उतरतो हे मोजता येतं का?

सुहास_मार्केटयार्ड | 18:58

एक्स-डेटला, म्हणजे नव्याने शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळणं बंद होतं त्या दिवशी, भाव किती पडतो ते बघायचं. 20 रुपये डिव्हिडंड आणि भाव 16 ने पडला तर 0.8.

हिशेबनीस | 19:30

एल्टन आणि ग्रुबर यांची 1970 ची पद्धत तीच. शेअर आदल्या दिवशी विकला काय आणि एक्स-डेटला विकला काय, भागधारकाला सारखंच पडायला हवं. त्यातून पडझड भागिले डिव्हिडंड बरोबर

```
(1 - डिव्हिडंडचा कर) / (1 - नफ्याचा कर)
```

31.2 आणि 13 घातले तर 0.688 भागिले 0.87, म्हणजे 0.79. 20 रुपयांवर साधारण 15.80 ची घसरण. शून्य करवाल्याचं गुणोत्तर 1. म्हणजे भाव 15.80 ने पडला तर भाव ठरवणारा वरच्या स्लॅबचा, 20 ने पडला तर करमुक्त, असं वाचायचं.

करताना काळजी घ्या. त्या दिवशी बाजार 1 टक्का हलला तर 200 च्या शेअरवर 2 रुपये तिथेच आले, म्हणून निर्देशांकाची हालचाल वजा करा. 1-2 रुपयांच्या डिव्हिडंडवर हे मोजूच नका, गोंगाटात सिग्नल सापडत नाही. आणि बोनस किंवा निकाल त्याच दिवशी असेल तर ती नोंद काढून टाका.

प्रा_टिळकरोड | 20:05

आणि एवढं करूनही वाद संपत नाही. अव्नर कॅले या अभ्यासकाने 1982 मध्ये आक्षेप घेतला की दोन दिवसांसाठी येणारा ट्रेडर डिव्हिडंड आणि नफा दोन्ही धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवतो. त्याला दोन्हीवर एकच दर, म्हणून तो गुणोत्तर 1 कडे ढकलतो. मग 0.95 दिसलं तर ते क्लायंटेलचं चिन्ह की ट्रेडरच्या खर्चाचं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. माझ्या मते कळतच नाही.

हिशेबनीस | 20:21

इथे मी सरांशी सहमत नाही. एका शेअरच्या एका दिवसावरून कळत नाही. पण एप्रिल 2020 च्या आधी आणि नंतर, त्याच कंपन्यांचं गुणोत्तर शेजारी ठेवलं तर ट्रेडरचा खर्च दोन्हीकडे तोच राहतो आणि कर तेवढा बदललेला असतो. फरक दिसला तर तो कराचाच.

प्रा_टिळकरोड | 20:40

पण त्याच महिन्यांत कोविडची उलथापालथ आहे. सगळ्या कंपन्यांची जोखीमही बदलली होती.

नाना_सातारकर | 21:10

सगळं वाचलं. एक विचारतो. कर मध्ये असताना कोणालाच रोख नको असायला हवी ना? मग ज्यांना करात तोटा तेही डिव्हिडंड का मागतात? माणसाच्या मनाचं काहीतरी आहे, तुमच्या गणितात न बसणारं.

प्रा_टिळकरोड | 21:45

नाना, तुमच्या बाजूने एक जबरदस्त उदाहरण आहे. अमेरिकेतल्या सिटिझन्स युटिलिटीज या कंपनीने 1950 च्या दशकात दोन मालिकांचे शेअर काढले. अ मालिकेला डिव्हिडंड शेअरच्या रूपात, ब मालिकेला रोख. मागे एकच कंपनी. अ चा शेअर हवा तेव्हा ब मध्ये बदलता यायचा, उलटं नाही. अ वाल्यांना विशेष करसवलत, ब वाल्यांची रोख त्यांच्या उत्पन्नात. त्यातही अ ला मिळणारं वाटप किमतीने ब पेक्षा साधारण 8 टक्के जास्त असायचं. तेव्हा कराचा विचार सोडला तरी अ निदान 8 टक्के महाग असायला हवा, आणि कर धरला तर आणखी.

जॉन लाँग यांनी 1978 मध्ये भाव तपासले. अ चा भाव त्या 8 टक्क्यांच्याही किंचित खालीच राहत होता. म्हणजे रोख देणाऱ्या शेअरला लोक थोडं जास्त मोजत होते, कर भरूनसुद्धा. याचं सर्वांना पटलेलं स्पष्टीकरण आजवर नाही. एका कंपनीचं उदाहरण आहे, तेव्हा त्यावर अख्खी इमारत उभारू नये, पण ते दृष्टिआड करता येत नाही.

नाना_सातारकर | 21:58

मग मी पूर्ण चूक नव्हतो!

हिशेबनीस | 22:04

नव्हताच, नाना. फक्त "कमी जोखीम" हे कारण तेवढं सोडा.

अनघा_म्युच्युअल | 7 डिसेंबर, सकाळी 9:05

वृषालीचा दुसरा प्रश्न राहिलाच की. महत्त्व कशामुळे येतं?

प्रा_टिळकरोड | 9:50

हिशेबनीसांच्या पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य होतं, "त्या 2 कोटींना कुठल्याही कामात जागा नाही." सगळा खेळ त्या वाक्यात आहे. एम-एमच्या जगात कंपनीचे प्रकल्प आधीच ठरलेले असतात, आणि न वाटलेला पैसा भागधारकाच्याच नावाने शाबूत राहतो. 2006 मध्ये हॅरी आणि लिंडा डीअँजेलो यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. एम-एमने राखलेला पैसा वाया जाण्याची शक्यताच वगळली आहे, म्हणून वाटपाचं धोरण निरर्थक ठरतं. ती शक्यता परत आत घ्या.

आता तेच 2 कोटी कंपनीने एका नव्या शाखेत घातले आणि ती शाखा आजच्या हिशेबाने फक्त 1.2 कोटींची निघाली. कंपनी 20 कोटींची 19.2 कोटींची झाली, शेअर 192 चा. तुम्ही 100 शेअर विकलेत तर हातात 19,200 आणि उरलेले 1,72,800. एकूण 1,92,000. घरगुती डिव्हिडंडने हे भरून निघत नाही, कारण नुकसान विकण्याच्या आधीच झालेलं आहे. डिव्हिडंड दिला असता तर ते 2 कोटी संचालकांच्या हातातून सुटले असते.

त्यामुळे तोच डिव्हिडंड एका कंपनीत किमतीचा आणि दुसऱ्या कंपनीत निरर्थक असू शकतो. बघायचं ते इतकंच: राखलेल्या पैशावर कंपनी गेल्या चार-पाच वर्षांत किती कमावते आहे.

सुहास_मार्केटयार्ड | 10:30

आणि ठरलेलं धोरण अचानक मोडलं तर? न्यूयॉर्कच्या कॉन एडिसन या वीज कंपनीने एप्रिल 1974 मध्ये तिमाही डिव्हिडंड रद्द केला आणि शेअर 18 डॉलरवरून 12 वर आला. त्यावर जगणारे वयस्कर भागधारक खूप होते. हा तर क्लायंटेल इफेक्टच ना?

हिशेबनीस | 10:55

अर्धा. तेलाचे भाव भडकले होते, कंपनीकडे रोख संपत आली होती, आणि रद्द करणं हीच त्या अडचणीची बातमी होती. त्या 6 डॉलरमध्ये बातमीचे किती आणि नाराज भागधारकांचे किती, हे वेगळं काढता येत नाही. क्लायंटेलचा वाटा ओळखायचा असेल तर धंद्याची तब्येत उत्तम असताना, आधी सांगून केलेली कपात शोधा, आणि भाव पुढच्या महिन्यांत सावरतो का ते पाहा. जुने भागधारक विकून बाहेर जातात, नवे आत येतात. त्या मधल्या काळातला विक्रीचा दाब, दलाली आणि जुन्या भागधारकांना लवकर भरावा लागलेला नफ्यावरचा कर, ही क्लायंटेल मोडण्याची खरी किंमत. म्हणून संचालक धोरण सहसा हलवत नाहीत.

वृषाली_के | 11:20

आता नोट्समधली ओळ अशी बदलते: "क्लायंटेल इफेक्टने भागधारक बदलतात. किंमत बदलते ती राखलेला पैसा कुठे गेला, दारात किती कर गेला आणि धोरण मोडताना किती खर्च झाला, यामुळे." चालेल का सर?

प्रा_टिळकरोड | 11:41

चालेल. शेजारी सिटिझन्स युटिलिटीजही लिहून ठेवा, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बंड्या_पिंपरी | 12:15

200 आणि 180 वालं दोनदा वाचलं. एफडी राहू देतो सध्या. पण मग माझ्या वडिलांना दरमहा पैसे हवेत, पेन्शन मिळून वर्षाचं उत्पन्न 7 लाखांच्या आत आहे, त्यांनी आयडीसीडब्ल्यू घ्यावा की ग्रोथ घेऊन दरमहा विकावं?

अनघा_म्युच्युअल | 12:38

नव्या करपद्धतीत त्यांना आयडीसीडब्ल्यूवर कर शून्य, पण रक्कम आणि तारीख फंड ठरवणार, तीही दरमहा येईलच असं नाही. ग्रोथमधून विकलं तर रक्कम आणि तारीख वडील ठरवतील. इक्विटी योजना असेल तर वर्षानंतरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, पण वर्षाच्या आत विकलेल्या युनिटच्या नफ्यावर 20 टक्के लागतात. म्हणून पहिलं वर्ष हात लावू नका. योजना इक्विटी आहे की डेट ते सांगा, मग पुढचं बोलू.